चौदा दिवसांची नोटीस, साडेपाच महिन्यांचा संप

यवतमाळात मध्यंतरी एका निवृत्त अधिकाऱ्यांचं व्याख्यान ऐकलं. विषय सार्वजनिक सेवांचा होता. पण गाडी फिरून फिरून एसटीच्या संपावर येऊन थांबत होती. त्यांचं म्हणणं तीन वाक्यांत सांगता येईल. संपाचा हक्क म्हणून काही नसतोच, सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये ते सांगून टाकलं आहे. एसटीचा संप बेकायदेशीर ठरला, यावरून तेच सिद्ध होतं. आणि संघटनेचं काम मागणी करण्याचं आहे, गाडी थांबवण्याचं नाही. सभागृहात टाळ्या पडल्या. माझ्या शेजारचे एक गृहस्थ तर पुटपुटले, "बरोबरच आहे जी, लोकायला वेठीस धरते हे."

कामगार न्यायालयात वकिली करण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत, आणि या तिन्ही वाक्यांचा प्रतिवाद करायला मी बसलो आहे. पण शेजारच्या गृहस्थांचं ऋण आधी मान्य करतो. लोकांना त्रास झाला, आणि तो थोडाथोडका नव्हता. यवतमाळ विभागात नऊ आगारं आहेत: यवतमाळ, पुसद, उमरखेड, दिग्रस, दारव्हा, नेर, राळेगाव, पांढरकवडा आणि वणी. जिल्ह्याच्या ठिकाणी आगगाडी म्हणून जी होती ती शकुंतला, आणि ती संपाच्या आधीच बंद पडलेली. म्हणजे आगाराचं फाटक बंद झालं की इथल्या माणसाला उरते ती काळी-पिवळी. अहिल्याबाई होळकर योजनेचा मोफत पास हातात असलेल्या मुलीला तो पास काळी-पिवळीत चालत नाही. मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात तपासणीची तारीख असलेल्या म्हाताऱ्याला दुप्पट-तिप्पट भाडं मोजावं लागलं. हे सगळं खरं आहे. कामगारांची बाजू मांडताना ते लपवणाऱ्यांपैकी मी नाही.

आता २००३ चा निकाल. तो खरा आहे, आणि त्यातलं वाक्य व्याख्यात्यांनी सांगितलं त्याहूनही कडक आहे. टी. के. रंगराजन विरुद्ध तामिळनाडू सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालय म्हणालं की संपाचा मूलभूत, कायदेशीर, नैतिक असा कुठलाच हक्क नाही. पण कोणाला? शासकीय कर्मचाऱ्यांना. तामिळनाडू सरकारने संपावर गेलेल्या लाखाहून अधिक कर्मचाऱ्यांना एका झटक्यात कामावरून काढलं होतं, त्या वादातला हा निकाल. एसटीचा वाहक शासकीय कर्मचारी नाही. तो १९५० च्या मार्ग परिवहन महामंडळ कायद्याखाली स्थापन झालेल्या महामंडळाचा नोकर आहे आणि औद्योगिक कायद्याच्या व्याख्येत 'कामगार' आहे. त्याला लागू होणारा न्यायनिर्णयांचा धागा वेगळा आहे, आणि तो २००३ च्या बराच आधीपासून चालत आलेला आहे.

तो धागा असा. घटनेच्या कलम १९ मध्ये संघटना स्थापन करण्याचं स्वातंत्र्य आहे. १९६१ मध्ये बँक कर्मचाऱ्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने त्याची हद्द आखून दिली: संघटना काढणं हा मूलभूत हक्क, पण त्या संघटनेला परिणामकारक सौदा करता यावा किंवा संप करता यावा, ही हमी त्या कलमात नाही. इथपर्यंत व्याख्याते बरोबर आहेत, आणि 'संप हा आमचा घटनादत्त हक्क' अशी घोषणा देणारे आमचे मित्र चूक. पण मूलभूत हक्क नाही म्हणजे हक्कच नाही, ही उडी कशी काय? भाडेकरूचा हक्क मूलभूत नाही, ग्रॅच्युइटीचा हक्कही मूलभूत नाही. ते कायद्याने दिलेले हक्क आहेत. संपही तसाच आहे. कायदा जेव्हा म्हणतो की अमुक अटी मोडून केलेला संप बेकायदेशीर, तेव्हा त्या अटी पाळून केलेला संप कायदेशीर असतो, हे त्याच वाक्यात आलं. बेकायदेशीर संपाची व्याख्या करायला कायद्याला पानं खर्चावी लागतात, ती कायदेशीर संप अस्तित्वात आहे म्हणूनच.

आपल्या राज्यात ती व्याख्या १९७१ च्या एका कायद्यात आहे. कामगार संघटनांना मान्यता देण्याबाबत आणि अनुचित प्रथांना प्रतिबंध करण्याबाबतचा हा कायदा. नाव लांबलचक आहे, म्हणून कोर्टाच्या आवारात सगळे त्याच्या इंग्रजी आद्याक्षरांनीच त्याला हाक मारतात. त्याच्या २४ व्या कलमात संपाला अटी आहेत. मालकाला ठरावीक नमुन्यात नोटीस द्यायची, आणि नोटिशीनंतर चौदा दिवस थांबायचं. जिथे मान्यताप्राप्त संघटना आहे तिथे नोटिशीच्या आधी तिच्या सभासदांचं मतदान घ्यायचं आणि बहुमत मिळवायचं. समेटाची बोलणी सरकारी अधिकाऱ्यापुढे चालू असताना, लवादापुढे किंवा न्यायाधिकरणापुढे प्रकरण असताना, किंवा ज्या मुद्द्यावर करार चालू आहे त्याच मुद्द्यावर संप करायचा नाही. अटी कडक आहेत, पण अशक्य नाहीत.

मग एसटीच्या कामगारांनी त्या का पाळल्या नाहीत? इथे व्याख्यात्यांचं दुसरं वाक्य येतं, आणि माझं खरं भांडण इथेच आहे.

२०२१ चा ऑक्टोबर आठवा. करोनाच्या काळात पगार महिनोन्महिने रखडलेले. राज्य कर्मचाऱ्यांच्या तुलनेत महागाई भत्ता कमी, घरभाडे कमी, आणि मूळ पगारातली तफावत तर विचारूच नका. संघटनांच्या कृती समितीने २७ ऑक्टोबरला उपोषण सुरू केलं. दुसऱ्याच दिवशी सरकारने महागाई भत्ता आणि घरभाडे भत्ता राज्य कर्मचाऱ्यांइतका करण्याचं मान्य केलं आणि उपोषण सुटलं. समितीच्या दृष्टीने विषय संपला. आगारांमधल्या माणसांच्या दृष्टीने तो तेव्हा सुरू झाला, कारण त्यांची मागणी आता एकच उरली होती: महामंडळाचं शासनात विलीनीकरण. एकेक आगार बंद पडत गेलं. मान्यता नसलेल्या एका संघटनेने ३ नोव्हेंबरच्या मध्यरात्रीपासून संपाची हाक दिली, उच्च न्यायालयाने त्याच दिवशी संपाला मनाई केली, आणि तरीही पुढच्या काही दिवसांत राज्यातली सगळी, जवळपास अडीचशे आगारं थांबली.

या क्रमाकडे नीट पाहा. कायदेशीर संपाची चावी १९७१ च्या कायद्याने मान्यताप्राप्त संघटनेच्या खिशात ठेवली आहे. मतदान तिच्या सभासदांचं. करार तिने केला की तो सगळ्यांना बांधील, सभासद नसलेल्यालाही. आणि उंबरठा किती? सहा महिने सलग तीस टक्के सभासद दाखवता आले की ती संघटना मान्यतेला पात्र. म्हणजे उरलेले सत्तर टक्के तिच्या सहीने बांधले जाऊ शकतात. तिच्याशी पटत नसेल तर मार्ग आहे, नाही असं नाही. दुसऱ्या संघटनेने आपले सभासद जास्त असल्याचं औद्योगिक न्यायालयात सिद्ध करायचं, पण आधीच्या संघटनेची मान्यता नोंदवून दोन वर्षं झाल्याशिवाय तो अर्ज चालत नाही. त्यानंतर पडताळणी, हरकती, तारखा. ज्याचा पगार दहा तारखेऐवजी पंचवीसला होतो आहे, त्याला हा मार्ग सांगून बघा.

म्हणून माझं म्हणणं असं की २०२१-२२ चा एसटी संप बेकायदेशीर होता हे मान्य, पण त्यातून 'संपाचा हक्क नाही' हे सिद्ध होत नाही. सिद्ध होतं ते एवढंच, की हक्काला एकच दार आहे आणि ते दार ज्यांच्या ताब्यात आहे त्यांच्यावर दाराबाहेरच्यांचा विश्वास उरला नव्हता. याचा सज्जड पुरावा त्याच संपात आहे. ज्या संघटनेने ३ नोव्हेंबरची हाक दिली होती, तिच्या अध्यक्षांनी २० डिसेंबरला मंत्र्यांशी बोलून संप मागे घेतल्याचं जाहीर केलं. आगारं उघडली का? नाही. मान्यताप्राप्त संघटना मागे पडली होती, तशी हाक देणारीही मागे पडली. संप चालू राहिला, आणि आता त्याला कायद्याच्या भाषेत बोलणारं, सही करू शकणारं, तडजोडीला बसू शकणारं कोणीच उरलं नाही. कोर्टात वकील होते, मैदानात हजारो माणसं होती, मधली संघटना नव्हती. अशा संपाला सुरुवात असते. तो संपवायचा कसा हे कोणालाच ठाऊक नसतं.

हे महाराष्ट्राला नवीन नाही. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या गिरण्या थांबल्या, तेव्हा अडीच लाखांच्या आसपास कामगार दत्ता सामंतांच्या मागे होते, आणि कायदा राष्ट्रीय मिल मजदूर संघ सोडून कोणाशी बोलायला तयार नव्हता. तिथे कायदा १९४६ चा होता, पण कुलूप याच जातीचं. त्या संपाचं काय झालं ते गिरणगावाला विचारायला नको. चाळीस वर्षांनी तोच प्रयोग आपण एसटीवर केला आणि वर कामगारांनाच बेजबाबदार म्हणालो.

एसटीच्या संपाचा हिशेब मांडताना मी कामगारांच्या बाजूची चूकही सोडणार नाही. २४ नोव्हेंबरला परिवहनमंत्री अनिल परब यांनी पगारवाढ जाहीर केली: दहा वर्षांपर्यंत सेवा झालेल्यांना मूळ वेतनात ५,००० रुपये, दहा ते वीस वर्षंवाल्यांना ४,०००, त्यावरच्यांना २,५००. एसटीच्या इतिहासात ही लहान वाढ नव्हती. नवा वाहक-चालक सगळ्यांत कमी पगारावर होता, त्याला सगळ्यांत जास्त मिळत होतं. वाटणीतही शहाणपण होतं. सौदा करणारी संघटना असती तर तिने इथे थांबून उरलेलं पुढच्या करारावर टाकलं असतं. पण समोर 'विलीनीकरण की काहीच नाही' एवढंच होतं. त्यानंतर निलंबनं झाली, हजारो बडतर्फ झाले, कामगार न्यायालयांनी संप बेकायदेशीर ठरवला, मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने विलीनीकरणाच्या विरोधात अहवाल दिला. एप्रिल २०२२ मध्ये मुख्य न्यायमूर्ती दीपांकर दत्ता यांच्या खंडपीठाने कामगारांना २२ तारखेपर्यंत रुजू व्हायला सांगितलं आणि रुजू होणाऱ्यांची रोजीरोटी जाऊ नये याकडे महामंडळाला लक्ष द्यायला लावलं. त्याच आठवड्यात शरद पवारांच्या घरावर जमाव चालून गेला, आणि जनमताची जी काही शिल्लक होती तीही खर्च झाली. साडेपाच महिन्यांचा पगार गेला. सर्वोच्च न्यायालयाचा १९९४ चा सिंडिकेट बँकेचा निकाल स्पष्ट आहे: संपकाळाचं वेतन हवं असेल तर संप कायदेशीरही हवा आणि न्याय्यही हवा. मागणी न्याय्य असली तरी पहिली अट हुकली की दुसरीचा उपयोग नाही.

एक कलम मला राहून राहून आठवतं. त्याच १९७१ च्या कायद्याचं २५ वं कलम सांगतं की न्यायालयाने संप बेकायदेशीर ठरवल्यावर ४८ तासांच्या आत तो मागे घेतला, तर या कायद्यापुरता तो बेकायदेशीर मानला जाणार नाही. कायदा करणाऱ्यांनी पश्चात्तापाला जागा ठेवली होती. राग डोक्यात गेलेल्या माणसाला दोन दिवसांची मुदत. आता सांगा, आझाद मैदानापासून उमरखेडच्या आगारापर्यंत हे कलम किती जणांच्या कानावर पडलं असेल? आणि पडलं असतं तरी 'मागे घेतो' असं म्हणण्याचा अधिकार कोणाकडे होता? ज्याच्या शब्दाला आगार मान देईल असा माणूसच नसेल, तर ४८ तास काय आणि ४८ दिवस काय.

विलीनीकरणाबद्दल एक गोष्ट बोलायची राहिली आहे, आणि ती त्या वेळी कोणी मोठ्याने बोललं नाही याचं मला आजही आश्चर्य वाटतं. समजा, सरकारने मागणी मान्य केली असती. एसटीचा वाहक शासकीय कर्मचारी झाला असता. त्याच क्षणी त्याला राज्याचे १९७९ चे वर्तणूक नियम लागू झाले असते, ज्यात संपाला मनाई आहे, आणि २००३ चा तो रंगराजन निकाल, जो आज त्याला लागू नाही, तो त्याच्या डोक्यावर बसला असता. म्हणजे संपाचा हक्क वापरून तो अशी जागा मागत होता जिथे हा हक्क शिल्लक राहत नाही. माझ्याकडे आलेल्या एका चालकाला हे सांगितलं, तेव्हा तो हसला आणि म्हणाला, "साहेब, पगार वेळेवर भेटला तर संप कायले करतो?" उत्तर बिनतोड आहे असं वाटतं खरं. पण मार्च २०२३ मध्ये जुन्या पेन्शनसाठी याच राज्यातले शासकीय कर्मचारी १४ तारखेपासून आठवडाभर संपावर होते. पगार वेळेवर मिळणाऱ्यांनाही तो करावा लागला.

व्याख्यात्यांचं तिसरं वाक्य: संघटनेने मागावं, थांबवू नये. हे वाक्य मुंबईच्या कायदेमंडळात १९३८ मध्येही ऐकू आलं होतं. प्रांतिक सरकारने आणलेल्या औद्योगिक कलहाच्या विधेयकात संपावर निर्बंध होते, आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सभागृहात त्याला कडाडून विरोध केला. माणसाला त्याच्या इच्छेविरुद्ध कामाला जुंपणं आणि नाही म्हणाला तर त्याला गुन्हेगार ठरवणं, याला गुलामी म्हणतात, असा त्यांचा युक्तिवाद होता. ७ नोव्हेंबर १९३८ ला स्वतंत्र मजूर पक्षाने कम्युनिस्टांच्या बरोबरीने एक दिवसाचा संप केला. विधेयक तरीही मंजूर झालं. पण युक्तिवादाला अजून कोणी उत्तर दिलेलं नाही. मागणीमागे थांबण्याची शक्यताच नसेल तर ती अर्ज-विनंती होते, आणि अर्जांचं मंत्रालयात काय होतं हे एका निवृत्त अधिकाऱ्याला मी सांगावं?

थांबवण्याला सीमा असावी, हे मात्र मला मान्य आहे. प्रवाशाला आधी कळलं पाहिजे. चौदा दिवसांची नोटीस ही त्याच्यासाठी आहे, मालकासाठी नव्हे, असं मी मानतो. जून २०१८ मध्ये एसटीचा अघोषित संप झाला, रात्रीतून गाड्या थांबल्या, तेव्हा कामगारांच्या बाजूने लिहायला माझा हात धजला नव्हता.

आता या सीमा बदलल्या आहेत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राची औद्योगिक संबंध संहिता लागू झाली. वर्तमानपत्रांत ठोकून लिहिलं गेलं की आता साठ दिवसांची नोटीस लागणार. कलम ६२ वाचलं तर तसं दिसत नाही. नोटीस दिल्यावर चौदा दिवस थांबायचंच, आणि नोटिशीपासून साठ दिवसांच्या आत संप सुरू व्हायला हवा. म्हणजे साठ दिवस हे नोटिशीचं आयुष्य आहे. जुन्या केंद्रीय कायद्यात सार्वजनिक उपयोगी सेवांसाठी तेच सहा आठवडे होतं. नव्या संहितेची खरी गोम पुढे आहे. ही अट आता प्रत्येक औद्योगिक आस्थापनेला लागू आहे, निम्म्या किंवा त्याहून जास्त कामगारांनी एकाच दिवशी सामूहिक रजा टाकली तर तोही संप, आणि समेट फसल्यावर कोणताही पक्ष थेट न्यायाधिकरणात जाऊ शकतो. प्रकरण तिथे असेपर्यंत आणि निकालानंतर आणखी साठ दिवस संप करता येत नाही. कोणताही पक्ष म्हणजे मालकसुद्धा. त्याने एक अर्ज टाकला की संपाचा दिवस पुढे, आणि किती पुढे ते न्यायाधिकरणाच्या फळ्यावर अवलंबून. बेकायदेशीर संपावर गेलेल्या कामगाराला एक ते दहा हजार रुपये दंड किंवा महिनाभर कैद किंवा दोन्ही. व्याख्यात्यांनी या कलमावर बोलायला हवं होतं. हक्क आहे की नाही, हा वाद त्यापुढे पोरकट वाटतो; हक्क कागदावर आहे, पण तो वापरण्याचा दिवस मालक ठरवू शकतो, हा खरा प्रश्न आहे.

त्याच संहितेत एक गोष्ट बरी आहे. एकाहून जास्त संघटना असतील तर एकमेव वाटाघाटीची संघटना व्हायला तीस नव्हे, एक्कावन्न टक्के कामगारांचा पाठिंबा लागतो. तेवढा कोणालाच नसेल तर वीस टक्क्यांवरच्या संघटनांची परिषद बसते. वीस टक्क्यांखालच्या लहान संघटनांना यात जागा उरत नाही, हा दोष आहेच. पण सत्तर टक्क्यांच्या वतीने तीस टक्क्यांनी सही करण्याचे दिवस गेले तर मी तक्रार करणार नाही.

सप्टेंबर २०२४ मध्ये अकरा संघटनांच्या कृती समितीने एसटी पुन्हा थांबवली, ऐन गणपतीच्या तोंडावर. ३ तारखेला संप सुरू झाला, ४ तारखेला मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांच्याशी बोलणी झाली, मूळ वेतनात एप्रिल २०२० पासून ६,५०० रुपयांची वाढ ठरली आणि गाड्या सुरू झाल्या. माणसं तीच, आगारं तीच, मालकही तोच. फरक एवढाच की या वेळी समोर बसून 'ठीक आहे' म्हणणारं कोणीतरी होतं आणि त्यांचं आगारात ऐकलं गेलं.

हा लेख वाचणाऱ्यांत एसटीचे, गिरणीचे, कोळसा खाणीचे, कारखान्याचे कामगार असतील तर त्यांना एकच विनंती आहे. पुढच्या सभेला गेलात की घोषणा देण्याआधी उठून विचारा: आपल्या संघटनेत शेवटचं मतदान कधी झालं, आणि त्याची नोंद कुठल्या वहीत आहे?